लिटरचा हिशेब आणि कठड्यावरचा एक फूट

‘गच्चीला वॉटरप्रूफ कोटिंग, दोन हात, 500 चौरस फूट, मालासह.’ मार्च ते मे या दिवसांत महाराष्ट्रातल्या हजारो घरांमध्ये असं एका ओळीचं कोटेशन येतं. त्यात दर असतो, क्षेत्रफळ असतं आणि हातांची संख्याही असते. मात्र गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती लिटर माल बसणार आणि तो कठड्याच्या भिंतीवर किती उंचीपर्यंत चढणार, या दोन गोष्टी त्यात नसतात. गच्ची पुढच्या पावसाळ्यात गळणार की नाही, हे बरंचसं याच दोन गोष्टींवर ठरतं.

इथे चर्चा आहे ती बादलीतून येणाऱ्या, पाण्यावर आधारित ॲक्रिलिक कोटिंगची. रंगासारखं दिसणारं पण वाळल्यावर रबरासारखं ताणलं जाणारं हे कोटिंग ब्रशने किंवा रोलरने लावतात, आणि जुन्या गच्चीचा कोबा न फोडता काम होतं म्हणून ते लोकप्रिय झालं आहे. ‘एक हात’ म्हणजे नक्की किती, हे मात्र कुठेच ठरलेलं नसतं. एक कारागीर चौरस मीटरला अर्धा लिटर लावून एक हात देतो, दुसरा रोलर ओढत ओढत पाव लिटरमध्ये तेवढीच जागा पांढरी करतो. लांबून दोन्ही गच्च्या सारख्याच दिसतात.

लिटरचं माप मात्र चकवत नाही, कारण त्यामागचं गणित साधं आहे. एक लिटर द्रव एक चौरस मीटरवर सगळीकडे सारखा पसरला तर त्याची जाडी बरोबर एक मिलिमीटर होते. कोटिंग वाळताना त्यातलं पाणी उडून जातं आणि उरलेल्या घन भागाचा पापुद्रा तयार होतो. हा घन भाग आकारमानाने किती टक्के आहे, ते कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात दिलेलं असतं. समजा तो 55 टक्के आहे. मग चौरस मीटरला एक लिटर लावल्यावर वाळलेला थर 0.55 मिलिमीटरचा होतो. अर्धा लिटर लावला तर पाव मिलिमीटरच्या जरासा वर.

या जाडीचं काम दिसतं ते भेगेवर. दुपारी तापलेला स्लॅब प्रसरण पावतो, पहाटे आकसतो. काँक्रीटचा गुणधर्म पाहता 9 मीटर लांबीचा स्लॅब 30 अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे 2.7 मिलिमीटर लांबतो. त्यामुळे कोब्यातल्या केसासारख्या भेगा रोज उघडतात आणि मिटतात. कोटिंग भेगेच्या दोन्ही बाजूंना घट्ट चिकटलेलं असतं, त्यामुळे ताण येतो तो भेगेवरच्या अगदी अरुंद पट्टीवर. थर जाड असेल तर तो ताण आजूबाजूच्या भागात थोडा वाटला जातो. पातळ थरात तशी सोय नसते आणि तो तिथेच फाटतो. शिवाय कोब्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. पातळ माल खळग्यांत उतरतो आणि उंचवट्यांवर नुसता रंग राहतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने कोटिंग वरून झिजत जातं, तेव्हा आधी उघडे पडतात ते हेच उंचवटे.

आता एक गच्ची मोजून पाहू. समजा, बदलापूरमधल्या एका बंगलीची गच्ची कठड्याच्या आतून 9 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद आहे. एका कोपऱ्यात जिन्याची केबिन आहे, 3 मीटर बाय 2.4 मीटर. पाण्याच्या टाकीखाली विटांचे चार खांब आहेत, प्रत्येकी 30 सेंटिमीटर चौरस. एकूण 54 चौरस मीटरमधून केबिनचे 7.2 वजा केले की जमीन उरते 46.8 चौरस मीटर, म्हणजे साधारण 504 चौरस फूट. कोटेशनमधले ‘500 चौरस फूट’ ते हेच.

पण कोटिंग जमिनीवर संपत नाही. ते भिंतीवर 30 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक फूट चढवायचं असतं. कोपऱ्यातल्या केबिनमुळे जमिनीचं क्षेत्रफळ घटलं, तरी भिंतींची एकूण लांबी 30 मीटरच राहते; दोन बाजू कठड्याऐवजी केबिनच्या भिंतींच्या होतात एवढंच. 30 मीटर गुणिले 0.3 म्हणजे 9 चौरस मीटर. टाकीच्या चार खांबांचा घेर 4.8 मीटर, त्याचे आणखी 1.44 चौरस मीटर. खांबांखालची जागा वजा करून सगळं मिळून होतात जवळपास 57 चौरस मीटर. म्हणजे जमिनीच्या मापापेक्षा एक पंचमांशाहून जास्त. गच्ची जितकी लहान, तितका हा वाटा मोठा, कारण लहान जागेला क्षेत्रफळाच्या मानाने भिंती जास्त असतात.

माहितीपत्रकात तीन हातांत मिळून चौरस मीटरला दीड लिटर सांगितलं आहे, असं धरू. 57 गुणिले 1.5 म्हणजे साडेपंच्याऐंशी लिटर. खडबडीत कोबा, रोलरमध्ये अडकणारा माल आणि कोपऱ्यांतल्या जाळीच्या पट्ट्या यांच्यासाठी दहा टक्के जास्तीचे धरले की साडेआठ लिटर वाढतात. पहिल्या हाताआधी त्याच कोटिंगमध्ये पाणी मिसळून अस्तराचा हात मारतात. त्याला सुमारे सहा लिटर कोटिंग लागतं. बेरीज होते शंभर लिटर, म्हणजे 20 लिटरच्या पाच बादल्या. वाळल्यावर थर 0.8 मिलिमीटरपेक्षा थोडा जाड राहतो.

दुकानात हाच हिशेब वेगळा होतो. बादलीवर ‘दोन हातांत लिटरला 16 चौरस फूट’ असं छापलेलं असेल, तर 504 भागिले 16 म्हणजे साडेएकतीस लिटर, आणि गिऱ्हाईक दोन बादल्या घेऊन घरी येतं. या दोन बादल्या 57 चौरस मीटरवर पसरल्या तर चौरस मीटरला 0.7 लिटर पडतात आणि वाळलेला थर 0.4 मिलिमीटरच्याही आत येतो. बादलीवरचा आकडा गुळगुळीत, सपाट पृष्ठभागाचा असतो आणि कठड्याची मापं त्यात धरलेली नसतात. दोन कोटेशनांच्या दरांत मोठा फरक दिसला, तर बऱ्याचदा तो या तीन बादल्यांचा असतो.

किलो आणि लिटर यांचा घोळ इथेच होतो. काही कोटिंग किलोवर विकली जातात. कोटिंगची घनता लिटरला 1.3 किलो असेल, तर 20 किलोच्या बादलीत 15 लिटरच्या आसपास माल असतो. माहितीपत्रकातलं प्रमाण लिटरमध्ये आहे की किलोमध्ये, हे आधी पाहून मगच बादल्या मोजायच्या.

दीड लिटर एकाच जाड हातात का लावत नाहीत? कारण कोटिंग वरून वाळायला लागतं. जाड थराच्या वरच्या अंगावर साय धरते, खालचं पाणी अडकतं, आणि मग वाळलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा पडतात किंवा फोड येतात. म्हणून प्रत्येक हाताला अर्धा लिटर आणि दोन हातांमध्ये हवेनुसार चार ते सहा तास, ढगाळ दमट हवेत त्याहून जास्त. आधीच्या हातावर बोट घासून माल निघत नाही ना, हे पाहून पुढचा हात सुरू करतात. पहिला हात गच्चीच्या लांबीने, दुसरा रुंदीने, तिसरा पुन्हा लांबीने मारला, तर एका हातातली सुटलेली जागा दुसऱ्यात भरून निघते. दोन हातांसाठी दोन रंग घेण्याची पद्धतही उपयोगी आहे. पहिला करडा आणि दुसरा पांढरा असेल, तर कुठे पातळ राहिलं ते लगेच दिसतं.

कारागिराला लिटरचं प्रमाण पाळायला लावण्याचा सर्वांत सोपा मार्ग खडूचा आहे. कोब्यावर दोरी धरून 10 चौरस मीटरचे भाग आखायचे, जसे 4 मीटर बाय अडीच मीटर. एका हातासाठी प्रत्येक भागाला पाच लिटर कोटिंग वेगळ्या बादलीत मोजून द्यायचं. भाग संपला आणि बादलीत दोन लिटर उरले, तर हात पातळ बसला आहे हे तिथल्या तिथे कळतं, आणि ओला असतानाच त्याच भागावर उरलेलं फिरवता येतं. शंका असेल तिथे ओल्या थराची जाडी मोजणारी दातेरी पट्टी टेकवतात. तिचा कोणता दात ओला झाला आणि कोणता कोरडा राहिला, त्यावरून जाडी वाचता येते. अर्धा लिटरचा हात असेल तर ती अर्धा मिलिमीटर दाखवायला हवी. काम संपल्यावर रिकाम्या बादल्या मोजून घेणं हा शेवटचा पडताळा. त्यासाठी सगळ्या बादल्या सीलबंद आल्या होत्या, हे सुरुवातीलाच पाहिलेलं असावं लागतं.

बादलीत पाणी मिसळण्याचा मोह नेहमीचाच. उन्हात रोलर जड चालतो, मग प्रत्येक बादलीत चार लिटर पाणी पडतं आणि 20 चे 24 लिटर होतात. माल जास्त जागेवर पसरतो, पण बादलीतला घन भाग 11 लिटरच राहतो. 55 टक्क्यांचं कोटिंग त्या क्षणी 46 टक्क्यांच्या खाली येतं. म्हणून पाणी फक्त अस्तराच्या हातात, पुढच्या तीन हातांत नाही. रोलर जड होतो तो बहुधा कोबा तापलेला असतो म्हणून. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काम केलं तर पाण्याची गरज पडत नाही.

आता कठडा. गळणाऱ्या गच्चीखालच्या खोलीत छताकडे नीट पाहिलं, तर ओल कुठे आहे यावरून बरंच समजतं. ओल छताच्या मधोमध असेल, तर वर भेग आहे किंवा पाणी साचतं आहे. ती बाहेरच्या भिंतीला लागून, छत आणि भिंत मिळतात तिथे लांब पट्ट्यासारखी असेल, तर संशय घ्यावा तो कठड्याच्या तळावर.

कठडा स्लॅब भरून झाल्यावर वर विटांनी बांधतात. स्लॅब एका गतीने तापतो आणि सरकतो, वीटकाम दुसऱ्या गतीने. त्यांच्या सांध्यात भेग पडणं ठरलेलंच, आणि कोकणपट्टीत वाऱ्यासोबत तिरपा येणारा पाऊस कठड्यावर आपटून नेमका याच सांध्यात उतरतो. काटकोनी कोपऱ्यात कोटिंगही नीट बसत नाही. आतल्या खाचेत ते साचून जाड होतं आणि वाळताना चिरतं, तर वर भिंतीवरून ओघळून पातळ पडतं.

म्हणून आधी कोपरा बुजवायचा. गच्ची आणि भिंत मिळतात तिथे सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा, त्यात पॉलिमर घालून, साधारण 50 मिलिमीटरचा गोलसर उतार देतात. गवंडी त्याला वाटा म्हणतात. वाट्यामुळे काटकोन मोडतो आणि कोटिंग जमिनीवरून भिंतीवर सारख्या जाडीने वळतं. तो करण्याआधी सांध्यातला सुटा मसाला खरवडून काढायचा, जागा ओली करायची, आणि केल्यावर काही दिवस पाणी मारून मग पूर्ण वाळू द्यायचा. आदल्या दिवशीच्या ओल्या वाट्यावर कोटिंग लावलं तर त्याच रेषेत फोड येतात.

वाळलेल्या वाट्यावर पहिला हात ओला असतानाच फायबरग्लास जाळीची सुमारे 20 सेंटिमीटर रुंद पट्टी बसवतात, अर्धी जमिनीवर आणि अर्धी भिंतीवर. ब्रशने दाबत तिच्या छिद्रांतून माल वर येऊ द्यायचा. जाळी पांढुरकी दिसली, तर तिच्याखाली हवा आहे. पट्टीला पट्टी जिथे मिळते तिथे निदान 10 सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्यायची. भिंतीवरचा माल ओघळतो, म्हणून तिथे रोलरऐवजी ब्रश वापरायचा आणि हात पातळ ठेवून गरज पडली तर चौथा द्यायचा, पण एकूण प्रमाण चौरस मीटरला दीड लिटरच.

30 सेंटिमीटर ही उंची साचणाऱ्या पाण्याच्या आणि जोरदार पावसात जमिनीवरून उडणाऱ्या शिंतोड्यांच्या वर राहण्यासाठी आहे. ती मोजायची तयार पृष्ठभागापासून. पुढे कोटिंगवर कोबा किंवा फरशी बसवायची असेल आणि तिची जाडी 10 सेंटिमीटर असेल, तर आजचा एक फूट उद्या 20 सेंटिमीटरच राहतो. केबिनच्या दारापाशी भिंत नसते, म्हणून तिथे उंबरठा गच्चीच्या पातळीपेक्षा निदान 15 सेंटिमीटर उंच हवा आणि कोटिंग त्यावर चढायला हवं. पावसाच्या पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी कोटिंग काठावर थांबवत नाहीत. ते जाळीसह पाइपात काही सेंटिमीटर आत वळवतात, नाहीतर पाणी काठाखालून शिरतं.

भिंतीवर चढवलेल्या कोटिंगची वरची कड हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कठड्याचा गिलावा पोकळ असेल तर कोटिंग कितीही चांगलं असलं, पाणी गिलाव्याच्या मागून उतरून त्याच्या खालून स्लॅबवर येतं. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलं की पोकळ जागेचा आवाज बदलतो. तेवढा गिलावा काढून नवा करावा लागतो. 30 सेंटिमीटरवर गिलाव्यात आडवी खाच मारून कोटिंगची कड तिच्यात नेऊन बंद केली, की वरून ओघळणारं पाणी कडेमागे जात नाही. कठड्याचा माथाही तपासायला हवा. तिथल्या भेगांतून शिरलेलं पाणी विटांमधून खाली येतं. माथ्याला उतार गच्चीच्या बाजूला असावा आणि त्यावरही कोटिंग चढवावं. मग 30 मीटरच्या हिशेबात माथ्याची रुंदीही मिळवावी लागते.

हे सगळं चिकटतं ते स्वच्छ आणि कोरड्या पृष्ठभागावर. शेवाळ तारेच्या ब्रशने घासून, भुकटी झालेला कोबा खरवडून, पाण्याने धुऊन गच्ची वाळू द्यावी लागते. ती आतून वाळली की नाही, हे ओळखायला साधारण दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने कोब्यावर चिकटवून रात्रभर, किमान 16 तास ठेवतात. सकाळी कागदाच्या आत पाण्याचे थेंब असतील किंवा खालचा कोबा गडद दिसला, तर थांबायचं. विटांच्या तुकड्यांचा कोबा पाणी धरून ठेवतो. वर झाकण बसलं की उन्हाने त्या पाण्याची वाफ होते आणि ती कोटिंगला खालून फुगवते. पावसाळा संपताच घाईने केलेल्या कामात असे फोड सर्रास दिसतात.

कोटिंगच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. ॲक्रिलिक कोटिंग सतत पाण्याखाली राहिलं तर मऊ पडतं, म्हणून गच्चीला पाइपाकडे निदान शंभरात एक उतार लागतो, म्हणजे 6 मीटरला 6 सेंटिमीटर. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही जिथे डबकं राहतं, तो खळगा आधी मसाल्याने भरून घ्यायचा. कोटिंगचा जास्तीचा हात हा त्यावरचा उपाय नव्हे. रोजची वर्दळ, कुंड्या, लोखंडी खुर्च्यांचे पाय आणि ओढत नेलेल्या खाटा यांच्यासाठी हे कोटिंग केलेलं नसतं. गच्चीवर वाळवणं आणि बैठकी नेहमीच्याच असतील, तर वर फरशी बसवता येईल अशा दुसऱ्या पद्धतीचा विचार करावा लागतो.

शेवटचा हात झाल्यावर साधारण सात दिवस कोटिंगला पिकू देतात. मग पाइपाचं तोंड बंद करून 25 ते 50 मिलिमीटर पाणी एक-दोन दिवस साठवतात आणि खालच्या छतावर नजर ठेवतात. 50 मिलिमीटर पाण्याचं वजन चौरस मीटरला 50 किलो होतं, त्यामुळे जुन्या स्लॅबवर त्याहून जास्त पाणी भरू नये. या चाचणीत एक उणीव राहते. पाणी 5 सेंटिमीटर उंच असल्याने भिंतीवर चढवलेल्या 30 सेंटिमीटरपैकी वरच्या 25 ची परीक्षा होतच नाही. त्यासाठी नळीने कठड्यावर, त्याच्या माथ्यावर आणि केबिनच्या भिंतीवर पाण्याची धार मारावी लागते, एका बाजूला अर्धा तास आणि मग दुसऱ्या बाजूला. त्यामुळे ओल दिसली तर ती कोणत्या बाजूची, हेही कळतं.

हे सगळं कोटेशनमध्ये चार ओळींत बसतं. माप जमीन आणि कठडा धरून 57 चौरस मीटर. प्रमाण अस्तर सोडून तीन हातांत चौरस मीटरला दीड लिटर, पाणी न मिसळता. भिंतीवर तयार पृष्ठभागापासून 30 सेंटिमीटर, वाटा आणि जाळीसह. 20 लिटरच्या पाच सीलबंद बादल्या मालकासमोर उघडायच्या आणि रिकाम्या मोजून द्यायच्या. अशी चार कोटेशनं मागवली की दरांची तुलना खरी होते, कारण सगळे एकाच कामाचा भाव सांगत असतात.